धिंगरीच्या बेडवरची हिरवी बुरशी फोटोत कशी ओळखावी

गेल्या रब्बीत मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती, "दादा, हिरवी आली का?" फोटोत धिंगरी अळिंबीचा बेड होता, म्हणजे गव्हाचं काड ठासून भरलेली, दोरीला टांगलेली प्लास्टिकची पिशवी. काडावर धिंगरीचं कवकजाल, म्हणजे तंतूंचं जाळं, पसरलं की बेड पांढरा दिसतो. पण हिरवं सगळंच दिसत होतं. बेड हिरवट, मागची भिंत हिरवट, आणि कडेला आलेला त्याचा अंगठाही हिरवट. अंगठ्याला बुरशी आलेली नसणार, एवढं तरी मला कळलं.

कारण होतं शेडवरची हिरवी शेडनेट. तिच्यातून गाळून आलेल्या उजेडात पांढरी वस्तूही हिरवी छटा घेते. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण मेंदू आपोआप वजाबाकी करतो. मोबाइलचा कॅमेराही तसा प्रयत्न करतो, पण चौकटभर पांढरा बेड आणि हिरवा उजेड असला की बऱ्याचदा चुकतो. शिवाय अंधाऱ्या खोलीतला पांढरा बेड तो नको इतका उजळ करतो, आणि नुकती आलेली फिकट हिरवी झाक त्या पांढऱ्यात विरून जाते.

म्हणून त्याला सांगितलं, बेडला चिकटून एक कोरा पांढरा कागद धर आणि परत फोटो काढ. फ्लॅश नको, प्लास्टिकवर चकाकी येते. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. यालाही कारण आहे. जेपीईजी फोटो लहान करताना उजेड-सावलीचा तपशील बऱ्यापैकी टिकतो, पण रंगाचा बहुधा चार ठिपके मिळून एकच ठेवला जातो. मोहरीएवढा हिरवा डाग असेल तर पहिला बळी त्याचाच.

नव्या फोटोत मोजता आलं. फोटो एडिटिंगच्या कुठल्याही अ‍ॅपमधलं रंग उचलायचं ड्रॉपर वापरलं की लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे मिळतात. कागदावर आले 178, 201, 176. कागद पांढरा असूनही हिरवा आकडा पुढे, ही शेडनेटची करामत. आता प्रत्येक आकड्याला कागदाच्या आकड्याने भागायचं आणि शंभरात मांडायचं. बेडच्या मधल्या भागात 170, 193, 168 होते, त्याचे झाले 96, 96, 95. तिन्ही जवळपास सारखे, म्हणजे तो भाग खरोखर पांढरा. उघड्या राहिलेल्या काडाचे झाले 84, 70, 57, लालाकडून निळ्याकडे उतरत जाणारे, म्हणजे पिवळसर तपकिरी. आणि खालच्या बाजूला, दाभणाने पाडलेल्या एका भोकाभोवती, 54, 64, 52. इथे हिरवा दोन्हींच्या वर, कागदाचा हिशोब करूनही.

तरीही लगेच निकाल देऊ नये. बेडमध्ये हिरवं दिसायची निरुपद्रवी कारणंही असतात. काडात राहिलेला गव्हाचा दाणा उगवला की प्लास्टिकच्या आत कोवळं हिरवं पातं दिसतं, पण ते रेघेसारखं असतं. तळाला पाणी साचून उजेड लागला तर शेवाळ धरतं. ते ओलं आणि गुळगुळीत असतं, प्लास्टिकला आतून रंग लावल्यासारखं. बुरशीचा डाग मात्र कोरडा आणि पिठूळ दिसतो, आणि त्याच्या कडेला बहुधा पांढरी किनार असते.

खरी मेख त्या किनारीत आहे. धिंगरीवर येणारी हिरवी बुरशी म्हणजे मुख्यतः ट्रायकोडर्मा, आणि ती सुरुवातीला हिरवी नसतेच. तिचं कवकजालही पांढरं असतं. हिरवे असतात ते तिचे बीजाणू, आणि ते काही दिवसांनी धरतात. तिच्या बऱ्याच जातींत उजेड, त्यातही निळा उजेड, हा बीजाणू धरायचा इशारा असतो. अंधाऱ्या खोलीत ती बराच वेळ पांढरी राहू शकते आणि उजेडात आली की हिरवी पडते. म्हणजे फोटोत हिरवं दिसलं तेव्हा बुरशी येऊन काही दिवस झालेले असतात, आणि हिरव्या डागाच्या बाहेरही ती पसरलेली असते.

मग पांढऱ्यातून पांढरं वेगळं कसं काढायचं? आधी बघायचं, वाढ कुठून निघाली आहे. धिंगरी स्पॉनच्या, म्हणजे तिच्या बियाण्याच्या, दाण्यापासून निघते. दाण्याभोवती कापसासारखा दाट गोळा, मग बाहेर पसरणारे तंतू, कुठेकुठे दोऱ्यांसारखे जाड झालेले. ट्रायकोडर्माची वाढ दाण्याशी संबंध नसलेल्या जागी, भोकाशी नाहीतर ओल्या काडावर सुरू होऊ शकते, आणि ती विरळ, चपटी, काड झाकण्याऐवजी त्यावर धुरळा बसल्यासारखी दिसते. ही खूण पक्की म्हणता येत नाही. कोवळी धिंगरीही विरळ दिसते. एका फोटोवरून पांढऱ्याचा निकाल देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

दोन फोटोंवरून मात्र बरंच कळतं. प्रयोगशाळेतली नऊ सेंटीमीटरची बशी ट्रायकोडर्मा तीन-चार दिवसांत व्यापते, धिंगरीला आठवडा-दहा दिवस लागतात. या फरकाचाच फायदा घ्यायचा. भावाला म्हटलं, डागाच्या पांढऱ्या किनारीवरून प्लास्टिकवर मार्कर पेनने रेघ मार आणि उद्या याच वेळी, याच जागेवरून, कागद धरून पुन्हा फोटो काढ. दुसऱ्या दिवशी पांढरी कड रेघ ओलांडून बोटभर पुढे गेली होती, आणि काल रेघेच्या आत जे पांढरं होतं त्यातलं बरंचसं हिरवं पडलं होतं. धिंगरीचं कवकजाल वाढलं तर आणखी दाट पांढरं होतं, असं रंग बदलून हिरवं पडत नाही. आता शंका उरली नाही.

डागाची जागा कारणही सांगते. बऱ्याच बेडमध्ये स्पॉनच्या दाण्यांभोवतीच हिरवं असेल तर बियाणंच दूषित होतं. दाण्यांपासून दूर, काडाच्या पोटात ठिकठिकाणी असेल तर काड नीट निर्जंतुक झालं नाही, गरम पाणी पुरेसं तापलं नाही किंवा काड पुरेसा वेळ बुडालं नाही. आणि फक्त भोकांशी किंवा तोंडाशी असेल तर बुरशी मागाहून, हवेतून, हातातून किंवा दाभणातून आली.

आमचा डाग भोकाशी होता, म्हणून फोनवर चौकशी केली. बेड भरले त्याच आठवड्यात त्याने त्याच शेडमध्ये हरभऱ्याच्या बियाण्याला बीजप्रक्रिया केली होती. कशाची? मर रोगावरच्या ट्रायकोडर्मा पावडरची! हरभऱ्याच्या मुळाशी जी बुरशी रोगकारक बुरशांना खाते, ती अळिंबीलाही सोडत नाही. पाकिटातली जात आणि बेडवरची जात एकच होती, हे फोटोवरून सांगता येणार नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. पण ती पावडर त्या शेडमध्ये उघडायला नको होती, एवढं नक्की.

फोटोला आणखी एक मर्यादा आहे. तो फक्त प्लास्टिकला टेकलेला थर दाखवतो. बेडचं पोट दिसत नाही, आणि वासही येत नाही. ट्रायकोडर्माच्या काही जाती खोबऱ्यासारखा वास सोडतात, चांगल्या बेडला ताज्या अळिंबीचा येतो. भावाला बेड उघडून हुंगायचा मोह झाला होता, तो मी मोडून काढला. उघडला की बीजाणूंची हिरवी धूळ शेजारच्या बेडांवर बसते. त्याने बेड तसाच मोठ्या पिशवीत घालून तोंड बांधलं, शेडपासून लांब नेऊन खड्ड्यात पुरला, आणि मग हात धुऊन बाकीच्या तेवीस बेडांचे फोटो काढायला घेतले. प्रत्येक फोटोत कागद होता. अठराव्यात कागदाऐवजी लग्नाची पत्रिका निघाली, ती पिवळी होती, म्हणून तो फोटो परत मागवला.