लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे : सामाईक सौर संचाबद्दल सभासदांना पत्र

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आपल्या इमारतीच्या सामाईक मीटरवर महिन्याला सरासरी ६०० युनिट पडतात आणि ते बिल आपण वीसही घरं वाटून भरतो. येत्या सर्वसाधारण सभेत गच्चीवर ५ किलोवॉटचा सौर संच बसवण्याचा ठराव मांडायचा आहे. सभेत वेळ कमी असतो, म्हणून सगळा हिशेब आधीच लिहून पाठवतो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहे. हा संच बसल्यावरही लाईन गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत लिफ्ट बंदच पडणार, मग डोक्यावर कितीही ऊन असो. असं का, ते पुढे येईलच. त्याआधी वीज जाते कुठे ते पाहू.

आपल्या लिफ्टची मोटर ५ अश्वशक्तीची, म्हणजे साधारण पावणेचार किलोवॉटची आहे. आकडा मोठा दिसतो, पण एक फेरी अर्ध्या मिनिटात संपते आणि प्रत्येक फेरीत मोटर पूर्ण ताकदीने चालत नाही. दिवसाच्या दीडशे फेऱ्या धरल्या तरी ३ युनिटच्या आसपास जातात. त्याउलट लिफ्ट उभी असताना तिचा कंट्रोलर, केबिनमधला दिवा आणि पंखा मिळून शंभरेक वॉट चोवीस तास खातात, त्याचे दिवसाला जवळपास अडीच युनिट होतात. उभ्या लिफ्टचा खर्च चालत्या लिफ्टच्या जवळ जातो तो असा. केबिनचा दिवा-पंखा रिकाम्या वेळी आपोआप बंद होण्याची सोय बहुतेक कंट्रोलरमध्ये असते. देखभालवाल्याकडून ती चालू करून घ्यायची आहे, सौर संच बसो वा न बसो.

खरा खादाड आहे बोअरचा पंप. ३ अश्वशक्तीचा हा पंप रोज तीन तास चालतो आणि ९ युनिट घेतो. उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागले की हेच तास वाढतात, कारण मोठा कूलर दिवसभरात शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो. जिने आणि पार्किंगच्या ट्यूब सव्वाचार युनिट, कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर दीड युनिट. सगळं मिळून दिवसाला २० युनिट होतात.

आपल्या भागात एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट देतो. २० भागिले ४, म्हणून ५ किलोवॉट. ५५० वॉटची दहा पॅनेल आणि त्यांची डीसी वीज लाईनसारखी एसी करणारा ५ किलोवॉटचा थ्री-फेज इन्व्हर्टर. गच्चीवर जागा आहे म्हणून मोठा संच बसवा, असं काही जणांचं म्हणणं आहे. तसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लाईनकडून घेतलेली आणि लाईनला दिलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या नेट मीटरवर जादा झालेले युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात खरे, पण ३१ मार्चला जे उरतात त्यांचे पैसे आपण भरतो त्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. आपल्या वापराएवढंच बनवलं तर प्रत्येक युनिट पूर्ण किमतीला वाचतं.

आता लाईन जाण्याचा मुद्दा. असा संच महावितरणच्या लाईनला जोडलेला असतो आणि त्याचा इन्व्हर्टर लाईनच्याच तालावर वीज बनवतो. लाईन गेली की दोन सेकंदांच्या आत त्याला स्वतःला बंद करून घ्यावंच लागतं. तो चालू राहिला तर आपल्या गच्चीवरची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरकडे जाईल, आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. ही सोय काढून टाकता येत नाही आणि काढूही नये. लाईन परत आल्यावरही इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. व्होल्टेज स्थिर आहे का हे तो आधी एक ते पाच मिनिटं तपासतो.

यातून आपल्याकडचा एक हिशेब निघतो. रात्री लाईन गेली तर संचाचं काहीच नुकसान नाही. भर दुपारी तासभर गेली तर ४ युनिट बुडाले. दुसरी अडचण एक फेज जाण्याची. तीनपैकी एक फेज गेली तरी घरातले दिवे चालू असतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण लिफ्ट थांबते आणि थ्री-फेज इन्व्हर्टरही थांबतो. म्हणून लिफ्ट बंद दिसली तर इन्व्हर्टरच्या पडद्याकडेही पाहावं. दोन्ही बंद असतील तर लिफ्टवाल्याला बोलावण्याआधी फेज तपासायची.

लिफ्टमध्ये माणूस अडकू नये यासाठी वेगळं यंत्र असतं, त्याला एआरडी म्हणतात. लाईन गेली की ते आपल्या बॅटरीवर लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेतं आणि दार उघडतं. त्याच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत उतरतात आणि ते बाहेरून कळत नाही. महिन्यातून एकदा, केबिन रिकामी ठेवून ती दोन मजल्यांच्या मध्ये असताना मेन स्विच पाडायचा. लिफ्ट मजल्यावर येऊन दार उघडलं तर बॅटरी ठीक. रखडत आली किंवा आलीच नाही, तर बॅटरी बदलायची. सौर संचावर बॅटरी बसवून लिफ्ट चालवणं शक्य आहे, पण मोटर सुरू होतानाचा झटका पेलणारा थ्री-फेज हायब्रिड इन्व्हर्टर आणि तेवढी बॅटरी घ्यायची तर संचाचा खर्च जवळपास दुप्पट होतो. आपल्याकडे जनरेटर आहे, म्हणून तो खर्च मी सुचवत नाही.

जनरेटर आहे म्हणूनच एका जोडणीवर सगळ्यांनी लक्ष ठेवायला हवं. सौर संचाची केबल इमारतीला लाईनवरून जनरेटरवर नेणाऱ्या चेंजओव्हर स्विचच्या आधी, म्हणजे महावितरणच्या बाजूला जोडली गेली पाहिजे. पॅनेल बोर्ड जवळ पडतो म्हणून केबल वाचवायला ती चेंजओव्हरच्या नंतर जोडली जाते, असं घडतं. मग जनरेटर सुरू झाला की इन्व्हर्टर त्यालाच लाईन समजतो आणि वीज बनवू लागतो. त्या वेळी इमारतीत वापर कमी असेल तर जादा वीज जनरेटरमध्ये घुसते, व्होल्टेज चढतं आणि जनरेटर किंवा लिफ्टचा ड्राइव्ह जळतो. तपासणी सोपी आहे. भर उन्हात मेन बंद करून जनरेटर सुरू करायचा आणि दहा मिनिटं इन्व्हर्टरकडे पाहायचं. तो झोपलेलाच राहिला तर जोडणी बरोबर. जागा झाला तर जनरेटर लगेच बंद करायचा आणि जोडणी बदलेपर्यंत ठेकेदाराचं बिल द्यायचं नाही.

पॅनेल कुठे बसवायची, हे लिफ्टच्या वरच्या खोलीवरून ठरेल. ती गच्चीपासून ३ मीटर उंच आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो. आपल्याकडे भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणजे खोलीची सावली तिच्या उंचीएवढीच, ३ मीटर उत्तरेला पडते. सकाळी नऊच्या सुमारास ती सहा मीटरपर्यंत लांबते. पॅनेल माळेसारखी एकामागे एक जोडलेली असल्याने दोन-तीन पॅनेलवर सावली आली तरी सगळ्या माळेचं उत्पादन घसरतं. म्हणून पॅनेल खोलीच्या दक्षिणेला, तोंड दक्षिणेकडे आणि उतार १५ ते २० अंश. पाहणीला येणारा माणूस मे महिन्यात आला तर त्याला ही सावली दिसणारच नाही, त्यामुळे आराखड्यावर डिसेंबरची सावली काढून मागायची.

उन्हाळ्याबद्दलही अपेक्षा नीट ठेवू या. पॅनेलवर लिहिलेले ५५० वॉट काच २५ अंशांवर असतानाचे असतात. बाहेर ४५ अंश असताना पॅनेल ७० अंशांपर्यंत तापतं, आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. ४५ अंश जादा म्हणजे १६ टक्के घट, ५५० चे ४६० वॉट. त्यामुळे मार्चमधला स्वच्छ दिवस मे महिन्यातल्या दिवसाच्या तोडीस तोड वीज देतो. सांगाडा आठ फूट उंच घेतला तर खालून वारा खेळतो आणि पापड-कुरड्यांच्या वाळवणाला बाजूची जागाही मोकळी राहते. इन्व्हर्टर मात्र गच्चीवर उन्हात नको. जिन्याच्या वरच्या टप्प्यात, सावलीत आणि हवेशीर भिंतीवर हवा. तापला की तो स्वतःच उत्पादन कमी करतो. पॅनेल धुवायची ती सकाळी, काच थंड असताना. बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की पांढरा थर धरतं, म्हणून धुतल्यावर वायपरने लगेच पुसून घ्यायची.

नेट मीटरचं बिल वाचताना पहिल्याच महिन्यात गोंधळ होतो. समजा एप्रिलमध्ये इन्व्हर्टरने ६६० युनिट दाखवले आणि बिलावर एक्स्पोर्ट, म्हणजे लाईनला दिलेले युनिट, ३८० च आहेत. २८० युनिट चोरीला गेले का? नाही. ते दिवसा पंप आणि लिफ्टने मीटरपर्यंत पोचण्याआधीच वापरले. रात्री आपण लाईनकडून ३४० घेतले. म्हणजे महिन्याचा वापर २८० अधिक ३४०, एकूण ६२०. बिल ३४० वजा ३८० चं, म्हणजे ४० युनिट पुढे जमा आणि फक्त स्थिर आकार भरायचा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन ४०० च्या आसपास येईल आणि बिल भरावं लागेल. उन्हाळ्यातली शिल्लक तिथे थोडी वापरली जाईल.

आलेली कोटेशन्स तीन लाख दहा हजारांच्या आसपास आहेत. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, आपल्याला ९०,००० मिळू शकतात. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी कमी क्षमता धरली जाते, आणि पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचीच लागतात. उरले २ लाख २० हजार, म्हणजे घरटी ११,०००. वर्षाला ७,००० युनिट वाचले आणि युनिटला सरासरी १० रुपये धरले तर ७०,००० वाचतात. ही रक्कम तीन वर्षांच्या थोडं पुढे वसूल होते.

ठरावात तीन अटी लिहाव्यात अशी विनंती आहे. शेवटचा २० टक्के हप्ता जनरेटरची वर सांगितलेली तपासणी आणि नेट मीटर बसल्यानंतरच द्यायचा. पॅनेलचे अनुक्रमांक बिलावर असावेत. आणि दर महिन्याच्या १ तारखेला इन्व्हर्टर व मीटर दोन्हींचे आकडे वहीत लिहिण्याचं काम एका सभासदाकडे सोपवावं. मागच्या बारा महिन्यांची बिलं माझ्याकडे आहेत, ज्यांना हिशेब पडताळायचा आहे त्यांनी सभेआधी येऊन पाहावीत.

आपला,
सचिव