पॉलिसी रद्द, पण ठपका कशाचा?

"चुकीच्या माहितीवरून विमा कंपनीने पॉलिसी रद्द केली, म्हणजे आपल्याला लबाड ठरवलं आणि हप्तेही बुडाले."

तसं नसतं. समजा, अर्जात मधुमेहाच्या उपचारांबद्दल विचारलं होतं, उत्तर 'नाही' होतं, आणि दाव्याच्या चौकशीत अर्जाच्या २ वर्षं आधीची औषधांची चिठ्ठी सापडली. पॉलिसी रद्द केल्याचं कंपनीचं नीट लिहिलेलं पत्र प्रश्न, उत्तर आणि चिठ्ठीची तारीख समोरासमोर मांडतं. खरं उत्तर मिळालं असतं तर पॉलिसी दिलीच नसती, हेही सांगतं. हे नसेल तर पत्र लंगडंच. हेतूबद्दल मात्र ते सहसा गप्प असतं, कारण फसवणूक म्हटली की हेतू सिद्ध करावा लागतो. आयुर्विम्यात फसवणुकीचा आरोप नसेल, तर हप्ते बहुधा परत मिळतात. आजाराचं निदान तुम्हाला सांगितलंच नव्हतं? मग कागद जोडून मुदतीत लेखी हरकत घ्या.