वीस सौद्यांतले चौदा

शेअर बाजारातील टिप्स विकणाऱ्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असते: ‘मागच्या २० कॉल्सपैकी १४ बरोबर, म्हणजे ७० टक्के विन रेट.’ अनेकदा हा आकडा खोटा नसतो, सौद्यांच्या नोंदी दाखवल्या जातात आणि बेरीजही जुळते. दुसरीकडे, सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असे वाटते, पण तसे मुळीच नाही. २० सौद्यांचा विन रेट एखाद्या पद्धतीबद्दल किती सांगतो आणि किती सांगत नाही, हे संख्याशास्त्राने नेमकेपणाने मोजता येते.

आधी एक हिशेब उरकून घेऊ. ७० टक्के हा आकडा चांगला की वाईट, हे त्याची तुलना कशाशी करायची यावर ठरते, आणि बहुतेक जण ती नकळत ५० टक्क्यांशी करतात. समजा, एका ट्रेडरला ब्रोकरेज, एसटीटी आणि इतर खर्च वजा जाता जिंकलेल्या सौद्यात सरासरी १५०० रुपये मिळतात आणि हरलेल्या सौद्यात सरासरी २००० रुपये जातात. असे असेल तर नफा-तोटा शून्यावर येण्यासाठी त्याला ३५०० पैकी २००० या प्रमाणात, म्हणजे ५७.१ टक्के सौदे जिंकावे लागतात. हा त्याचा ‘ना नफा ना तोटा’ विन रेट. त्याच्या पद्धतीत खरोखर दम आहे का, ट्रेडर्सच्या भाषेत त्याच्याकडे ‘एज’ आहे का, हा प्रश्न ५७.१ च्या रेषेवर सुटतो. २० पैकी १४ जिंकून त्याने २१,००० कमावले, ६ हरून १२,००० घालवले आणि ९००० रुपये खिशात पडले. ही कमाई खरी आहे. प्रश्न आहे तो पुढच्या सौद्यांचा.

इथे दोन वेगळ्या गोष्टी समजून घ्यायला हव्यात. एक, त्या २० सौद्यांत दिसलेला विन रेट, जो निर्विवाद ७० टक्के आहे. दुसरी, त्या पद्धतीचा मूळ विन रेट, म्हणजे बाजाराची परिस्थिती तीच राहून हजारो सौदे केले असते तर जो स्थिरावला असता तो. हा मूळ दर आपल्याला कधीच थेट दिसत नाही. त्याचा अंदाज दिसलेल्या दरावरून बांधावा लागतो. त्या अंदाजाच्या दोन टोकांमधल्या पट्ट्याला विश्वास-अंतराल, अर्थात कॉन्फिडन्स इंटरव्हल, असे म्हणतात.

हा पट्टा काढण्याची जी रीत मला सर्वांत सुंदर वाटते, ती अमेरिकन गणितज्ञ एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडली. ‘मूळ दर किती आहे?’ असे विल्सन विचारतच नाहीत. ते एकेक संभाव्य मूळ दर तपासायला घेतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात: तू खरा असशील, तर २० पैकी १४ हा निकाल आश्चर्यकारक ठरेल का? ज्या दरांच्या बाबतीत तो आश्चर्यकारक ठरत नाही, ते सगळे पट्ट्यात राहतात. बाकीचे बाद होतात.

एक दर घेऊन हे करून पाहू. मूळ दर ४८.१ टक्के असेल तर २० सौद्यांत सरासरी ९.६ विजय अपेक्षित आहेत. नशिबाच्या चढउतारामुळे हा आकडा दर वेळी थोडा इकडेतिकडे होतो, आणि तो किती होतो हे प्रमाण विचलनाने मोजले जाते: सौद्यांची संख्या, जिंकण्याची शक्यता आणि हरण्याची शक्यता यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यायचे. २० गुणिले ०.४८१ गुणिले ०.५१९ म्हणजे जवळपास ५, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २.२३. आता १४ हा आकडा ९.६ पासून ४.४ ने दूर आहे, म्हणजे प्रमाण विचलनाच्या १.९६ पट दूर. संख्याशास्त्रात ९५ टक्के विश्वासाची सीमा याच १.९६ पटीवर धरली जाते. म्हणून ४८.१ टक्के हा दर अगदी कुंपणावर आहे. त्याहून कमी कोणताही दर घेतला तर १४ विजय फार लांबचे ठरतात. वरच्या बाजूला अशीच तपासणी केली की कुंपण ८५.५ टक्क्यांवर लागते. तिथे १७.१ विजय अपेक्षित असतात, विचलन १.५७ असते आणि १४ हा आकडा पुन्हा १.९६ पट अंतरावर, पण या वेळी खालच्या बाजूला, असतो.

म्हणजे ‘७० टक्के’ या ठसठशीत आकड्यामागे प्रत्यक्षात ४८ ते ८५ टक्के इतका ऐसपैस पट्टा दडलेला आहे. तो ७० च्या दोन्ही बाजूंना सारखा नाही हेही पाहा: खाली २२ टक्के-बिंदू, वर १५. दर १०० टक्क्यांच्या जवळ जातो तसा नशिबाला खेळायला वाव कमी उरतो, आणि प्रत्येक दराला त्याचे स्वतःचे विचलन लावल्यामुळे ही गोष्ट विल्सनच्या रीतीत आपोआप उतरते. क्रमिक पुस्तकांतले नेहमीचे सूत्र मात्र दिसलेल्या दराचेच विचलन सर्वत्र वापरते. त्यामुळे २० पैकी २० सौदे जिंकणाऱ्याला ते ‘मूळ दर १०० टक्के, अनिश्चितता शून्य’ असे प्रमाणपत्र देऊन मोकळे होते. लहान नमुन्यासाठी ते सूत्र वापरूच नये.

‘९५ टक्के’ म्हणजे मूळ दर या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के, असा सरळ अर्थ मात्र नाही. ही रीत पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नमुन्यांवर वापरली, तर तयार होणाऱ्या पट्ट्यांपैकी सुमारे ९५ टक्के पट्टे मूळ दराला पोटात घेतील, एवढेच त्यातून म्हणता येते.

आता ५७.१ ची रेषा या पट्ट्यावर ठेवू. ती आत, आणि चांगलीच आत, पडते. शून्य एज असलेल्या माणसाला निव्वळ नशिबाने २० पैकी १४ किंवा अधिक सौदे जिंकण्याची शक्यता किती, हे एक्सेलमध्ये थेट काढता येते:

```
=1-BINOM.DIST(13,20,4/7,TRUE)
```

उत्तर येते ०.१७५. सेबीच्या अभ्यासातील एक कोटी लोकांनी अशाच ‘ना नफा ना तोटा’ पद्धतीने प्रत्येकी २० सौदे केले असते, तरी त्यांतल्या सुमारे साडेसतरा लाख जणांकडे दाखवण्यासारखा ७० टक्के किंवा त्याहून चांगला विन रेट असता. जाहिरात हे साडेसतरा लाख करणार. उरलेल्यांचे कॉल्स आपल्यापर्यंत कशाला पोहोचतील? अमावास्येला खरेदी टाळणारे आणि ग्रहांच्या युतीवरून निफ्टीची दिशा सांगणारे यांचे ‘अनुभव’ही याच गाळणीतून आलेले असतात.

मग एज सिद्ध करायला किती सौदे लागतात? याला एक उत्तर नाही, कारण ते एज केवढे आहे यावर अवलंबून आहे. वरच्या ट्रेडरचा मूळ दर खरोखर ७० टक्के असेल, तर पट्ट्याचे खालचे टोक ५७.१ च्या वर निघण्याची शक्यता ८० टक्के व्हायला सुमारे ११० सौदे लागतात. मूळ दर ६५ असेल तर ३०० च्या आसपास. आणि तो ६० असेल, म्हणजे एज फक्त २.९ टक्के-बिंदूंचे असेल, तर सुमारे २३५०. फरक कमी होतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात गरज वाढते: एज निम्मे झाले की सौदे साधारण चौपट. पट्टा सौद्यांच्या वर्गमुळाच्या हिशेबानेच अरुंद होत जातो. २०० पैकी १४० सौदे जिंकले तर तो ६३ ते ७६ टक्के होतो, म्हणजे दहापट सौदे करून रुंदी जेमतेम एक तृतीयांशावर येते. आठवड्याला एकच सौदा करणाऱ्याला २३५० सौद्यांसाठी ४५ वर्षे लागतील. बाजार एवढा काळ तसाच राहत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बँक निफ्टीचे साप्ताहिक करारच बंद झाले. त्यांच्यावर बेतलेल्या पद्धतीच्या जुन्या नोंदी पुढच्या सौद्यांशी एकाच नमुन्यात घालता येत नाहीत.

या सगळ्या हिशेबात एक गृहीतक आहे: प्रत्येक सौदा स्वतंत्र असावा. व्यवहारात तो क्वचितच असतो. एका सकाळी पाच बँकांचे शेअर घेतले आणि त्या दिवशी सगळेच बँकिंग क्षेत्र वर गेले, तर वहीत पाच विजय दिसतात, पण पैज एकच होती. एकाच दिवशीच्या अशा पाच-पाच सौद्यांच्या निकालांत आपापसांत ०.६ इतका सहसंबंध असेल, तर १०० सौद्यांत माहिती फक्त सुमारे २९ स्वतंत्र सौद्यांइतकी भरते. ओळखायची साधी खूण अशी, की विजय आणि पराभव तारखेनुसार मांडल्यावर ते पुंजक्यांनी येत असतील, तर सौदे न मोजता दिवस मोजावेत. आकडा चांगला दिसला की तिथेच नोंद थांबवणे, किंवा दहा पद्धती वापरून पाहून सर्वांत चांगलीच दाखवणे, यांनीही पट्टा कागदावर दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात रुंद होतो. म्हणून किती सौदे मोजायचे, हे पहिला सौदा करण्यापूर्वी लिहून ठेवावे.

सर्वांत फसवे चित्र ऑप्शन विकणाऱ्यांचे असते. दूरच्या स्ट्राइकचे ऑप्शन, म्हणजे सध्याच्या भावापासून लांबच्या ठरावीक भावाला खरेदी-विक्री करण्याचा हक्क, विकले की बहुतेक वेळा त्या हक्काची किंमत, म्हणजे प्रीमियम, खिशात पडतो. समजा, दर विजयात १००० रुपये मिळतात आणि बाजार अचानक उसळला किंवा कोसळला की १५,००० जातात. इथे ‘ना नफा ना तोटा’ दर १६ पैकी १५, म्हणजे ९३.७५ टक्के येतो. सलग ३० सौदे जिंकले, एकही हरला नाही, तरी हरण्याचा मूळ दर किती असू शकतो? जिथे पराभव शून्य असतात तिथे तीनला सौद्यांच्या संख्येने भागायचे, हा ढोबळ नियम चालतो: ३ भागिले ३० म्हणजे १० टक्के. अचूक हिशेबाने, ९५ टक्के विश्वासाने, साडेनऊ टक्के. म्हणजे मूळ विन रेट ९०.५ टक्के असण्याला वाव आहे, आणि तो ९३.७५ च्या खाली आहे. ही रेषा ओलांडायला सलग ४७ विजय लागतात. तेही तोट्याचा १५,००० हा आकडा खरा धरला तर. ज्याने आजवर एकही सौदा हरलेला नाही, त्याच्या वहीत हा आकडा कुठेच मोजलेला नसतो, आणि बाजार एका रात्रीत मोठ्या गॅपने उघडला की स्टॉप-लॉसचा सौदा ठरवलेल्या भावाला होत नाही.