दहापैकी किती: पोकळ ताऱ्याची पार्श्वभूमी

साध्या मजकुरातल्या परीक्षण-यादीत गुणांची ओळ सहसा अशी दिसते:

```
★★★★★★★☆☆☆  7/10
```

सात भरीव तारे, तीन पोकळ. यातले भरीव तारे जुन्या परंपरेतून आले आहेत. पोकळ तारे मात्र बरेच नंतरचे, आणि ‘दहापैकी’ हा अर्थ तेच वाहतात. या चिन्हांच्या इतिहासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग तोच आहे.

चिन्हांची संख्या वाढवून दर्जा सांगायची कल्पना प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांत रुजली. १८२० मध्ये मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेने युरोपच्या प्रवासावरच्या पुस्तकात पाहण्याजोग्या कलाकृतींपुढे उद्गारचिन्हे छापली; जितकी चिन्हे जास्त, तितकी कलाकृती श्रेष्ठ. पुढे बेडेकर या जर्मन प्रकाशकाच्या मार्गदर्शकांनी त्या जागी तारे वापरले. मिशलँ या फ्रेंच टायर कंपनीच्या मार्गदर्शकाने १९२६ मध्ये उपाहारगृहांना एक तारा द्यायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये एक, दोन, तीन अशी श्रेणी लावली. वृत्तपत्रांतल्या चित्रपट-परीक्षणात ही पद्धत न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी ३१ जुलै १९२८ रोजी आणली. त्यांची मोजपट्टी तीन ताऱ्यांची होती.

या सगळ्या पद्धतींत रिकाम्या जागेसाठी चिन्ह नव्हते. न मिळालेला तारा कुणी छापत नसे. कमाल किती, हे पुस्तकाच्या सुरुवातीच्या खुलाशात सांगितलेले असे किंवा वाचकाला सवयीने ठाऊक असे. मोजपट्टी तिनाची असेपर्यंत हे खपून जाते, कारण तिनापर्यंतची संख्या न मोजताच कळते. दहाच्या मोजपट्टीवर ते जमत नाही. नुसते सात तारे पाहून सात की आठ हे डोळ्याला ठरवता येत नाही, आणि कमाल सातच आहे की दहा हेही कळत नाही. ओळीची लांबी ठरावीक ठेवून उरलेल्या जागा दाखवल्या, तरच दोन्ही प्रश्न सुटतात.

संगणकावर ही गरज भासली तेव्हा अॅस्की या जुन्या इंग्रजी चिन्हसंचात ताऱ्याच्या जवळ जाणारे एकच चिन्ह होते: तारका, म्हणजे `*`. त्याची पोकळ जोडी नव्हती. म्हणून रिकाम्या जागी टिंब किंवा आडवी रेघ टाकायची:

```
*******...
*******---
```

ही रीत आजही चालते आणि कोणत्याही पडद्यावर फुटत नाही. एकच सावधगिरी हवी. २००४ साली आलेल्या मार्कडाउन या मजकूर सजवण्याच्या पद्धतीत तारकेला स्वतःचा अर्थ आहे. ओळीवर नुसत्या तीन किंवा जास्त तारका असतील, तर तिथे आडवी रेघ उमटते आणि दहापैकी दहा गुण नाहीसे होतात. अशा ठिकाणी ओळ कोडच्या चौकटीत ठेवावी.

भरीव-पोकळ ताऱ्यांची जोडी संगणकाच्या एका प्रमाणित संचात ठळकपणे दिसते ती जपानमध्ये. १९७८ च्या जपानी औद्योगिक मानकात, जेआयएस सी ६२२६ मध्ये, पहिल्या रांगेत ८९व्या घरात ☆ आणि ९०व्या घरात ★ आहे. क्रम लक्षात घ्या: पोकळ आधी, भरीव नंतर. सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या सामाईक संचाने दोन्ही चिन्हे घेतली, पण उलट्या क्रमाने: भरीव U+2605, पोकळ U+2606. त्यांची अधिकृत नावे ‘काळा तारा’ आणि ‘पांढरा तारा’ अशी आहेत. ही भाषा कागदावरच्या छपाईची आहे. गडद पार्श्वभूमीच्या पडद्यावर ‘काळा’ ताराच उजळ दिसतो, म्हणून बोलताना भरीव आणि पोकळ म्हणणे बरे.

क्रमाचा हा फरक किरकोळ वाटतो, पण यादी लावताना तो प्रत्यक्ष हाती येतो. आठ गुणांची आणि सात गुणांची ओळ पहिल्या सात जागी सारखीच असते. आठव्या जागी एकीत ★ आहे, दुसरीत ☆. युनिकोडमध्ये ★ चा क्रमांक लहान, म्हणून चिन्हक्रमांकांनुसार चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत आठवाली ओळ वर येते. म्हणजे तारे ओळीच्या सुरुवातीला असतील, तर पुढची आज्ञा सर्वोत्तम गुण सगळ्यात वर ठेवते:

```
LC_ALL=C sort yadi.txt
```

तीच यादी जुन्या शिफ्ट-जेआयएस संकेतात साठवलेली असेल तर निकाल उलटा येतो, कारण तिथे ☆ चा संकेत 8199 आणि ★ चा 819A आहे. `LC_ALL=C` मुद्दाम लिहावे; त्याने क्रम निव्वळ संकेतांनुसार लागतो. भाषेनुसार क्रम लावणारी साधने चिन्हांना स्वतःचे नियम लावतात.

संकेत चुकला की तो ओळखूही येतो. युनिकोड साठवण्याच्या युटीएफ-८ या संकेतात प्रत्येक तारा तीन बाइटांचा असतो, भरीव E2 98 85 आणि पोकळ E2 98 86. फाइल विंडोज-१२५२ या जुन्या संकेतातली समजून उघडली, तर या दोन ताऱ्यांचे असे होते:

```
â˜…   â˜†
```

सगळ्या यादीभर ‘â˜’ दिसले, तर माहिती शाबूत आहे, फक्त ती चुकीच्या संकेतात वाचली जाते आहे. फाइल त्याच अवस्थेत जतन न करता युटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडावी.

एक्सेलसारख्या तक्त्यातून ओळी तयार करताना वेगळी चूक होते. समजा गुण ७.६ आहेत आणि सूत्र असे लिहिले:

```
=REPT("★",B2)&REPT("☆",10-B2)
```

`REPT` अपूर्णांक सोडून देते. ७.६ चे सात भरीव होतात, उरलेल्या २.४ चे दोन पोकळ, आणि ओळ नऊ ताऱ्यांची होते. पूर्ण अंकांच्या ओळी बरोबर येतात, त्यामुळे चूक लांबून दिसत नाही. उजवी कड एका ताऱ्याने आत गेलेली ओळ शोधावी लागते. आधी पूर्णांक करून घेतला की हे टळते:

```
=REPT("★",ROUND(B2,0))&REPT("☆",10-ROUND(B2,0))
```

पायथनमध्ये हेच करताना `round(8.5)` चे उत्तर ८ येते, तर तक्त्यातला `ROUND` ९ देतो. अगदी मध्यावरचा आकडा पायथन जवळच्या सम संख्येकडे नेतो. यादीचा काही भाग तक्त्यातून आणि काही पायथनमधून आला असेल, तर सारख्याच गुणांना वेगळे तारे पडतात. पायथनमध्ये असे लिहावे:

```
n = int(x + 0.5)
print("★"*n + "☆"*(10-n))
```

पाच ताऱ्यांच्या मोजपट्टीवर अर्ध्या ताऱ्याची गरज पडते. युनिकोडमध्ये अर्धे भरलेले तारे २०१८ मध्ये, ११.० या आवृत्तीत आले, U+2BE8 ते U+2BEB. फाँटमध्ये ते नसतील तर त्या जागी चौकट दिसते. माझ्या मते दहाच्या यादीत त्यांची गरजच पडत नाही. पाचाच्या मोजपट्टीवरचे साडेतीन म्हणजे दहातले सात, आणि ते पूर्ण ताऱ्यांनी लिहिता येतात. ७.६ सारखा नेमका गुण जपायचा असेल, तर तो ताऱ्यांशेजारी अंकात लिहावा. मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अनेकदा एकेक ताऱ्याचे नाव उच्चारत जाते. ते ऐकणाऱ्याला दहा नावे मोजत बसावे लागू नये म्हणून अंक ताऱ्यांच्या आधी ठेवणे सोयीचे. मात्र तेव्हा वरची `sort` आज्ञा अंकांनुसार क्रम लावेल. मग दशांशचिन्हाआधीचा भाग दोन अंकी आणि नंतरचा एक अंकी ठेवून, ०७.६ आणि १०.० अशा लिहून, `sort -r` वापरावे:

```
10.0  ★★★★★★★★★★
07.6  ★★★★★★★★☆☆
```