पगारवाढीचं बोलणं अप्रेझलच्या आधी

"पगाराचं अप्रेझलच्या मीटिंगमध्येच बोलावं ना? आधी बोललं तर उतावीळपणा दिसतो."

नाही. एप्रिलपासून पगार बदलणाऱ्या बहुतेक कंपन्यांत तोवर टीमचं बजेट वाटून झालेलं असतं. मॅनेजर फक्त आकडा सांगतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत बोला आणि त्याला वर पाठवता येईल असं एक पान द्या. समजा, अकाउंट्समध्ये वर्षाला 8 लाखांवर आहात. 'खूप मेहनत केली' याने काही हलत नाही. 'महिनाअखेरचा हिशेब 9 ऐवजी 5 दिवसांत बंद होतो' हे टिकतं. खाली त्याच शहरातल्या, तेवढ्याच अनुभवाच्या तीन-चार जाहिरातींचे आकडे लिहा. तिथे घोटाळा होतो तो सीटीसीचा: त्यात व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी धरलेली असू शकते. तुलना फिक्स्ड पगाराची फिक्स्डशीच करा.