गुण्या काढणे (बांधकामाची आखणी)

प्लॉटवर इमारतीचे चार कोपरे काटकोनात बसवण्याच्या कामाला पुण्याकडचे गवंडी ‘गुण्या काढणे’ म्हणतात. गुण्या हे मुळात गवंड्याच्या हातातल्या लोखंडी काटकोनाचे नाव. त्यावरून ‘भिंत गुण्यात आहे’ किंवा ‘खोली गुण्याबाहेर गेली’ असे बोलले जाते. मात्र हातातल्या गुण्याच्या भुजा आखूड असल्याने अख्ख्या घराचा कोपरा त्यावर ठरवता येत नाही. तिथे दोरी, टेप आणि ३-४-५ चा त्रिकोण लागतो. या सगळ्या आखणीला साइटवर ‘लाइनआउट’ हाच शब्द रूढ आहे.

कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ आणि दुसऱ्या दोरीवर ४ मोजले आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ भरले, तर कोपरा काटकोन असतो. मोजमाप फुटात, मीटरमध्ये किंवा काठीच्या लांबीत असले तरी चालते. कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या आखणीसाठी दिलेला आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरीच.

पद्धत सोपी असली तरी तिच्यात चूक फुगत जाते. ती कशी, हे एका उदाहरणावरून दिसते. धायरीच्या बाजूला असतात तसा, रस्त्यालगत १५ मीटर रुंदीचा साधारण दोन गुंठ्यांचा प्लॉट धरू. त्यावर ११.५ मीटर बाय ८.५ मीटरचे घर आखायचे आहे. आधी रस्त्याकडचे सामासिक अंतर सोडून पुढची दोरी ताणतात. तिच्यावर अ आणि ब हे कोपरे ११.५ मीटरवर ठोकतात. ब च्या मागे क आणि अ च्या मागे ड येणार. इथे पहिला मोह प्लॉटच्या बाजूच्या हद्दीला समांतर दोरी धरण्याचा होतो. गुंठेवारीतल्या प्लॉटची हद्द रस्त्याशी काटकोनात असेलच असे नाही, बहुधा नसतेच. म्हणून पुढची एकच रेषा पाया मानायची आणि बाकीच्या सगळ्या तिच्यावरून काढायच्या. हद्दीचा तिरपेपणा मोकळ्या जागेत जाऊ द्यायचा, पण सर्वांत अरुंद ठिकाणीही मंजूर नकाशातले सामासिक अंतर सुटते ना, ते पाहून घ्यायचे. जोते तपासणीच्या वेळी हेच अंतर मोजले जाते.

आता अ या कोपऱ्यावर गुण्या काढायचा. घाईत असलेला मिस्त्री ३ फूट, ४ फूट आणि ५ फूट मोजून मोकळा होतो. पाच फुटांच्या कर्णात त्याची साडेचार मिलिमीटरांची, म्हणजे जेमतेम दीड सुताची चूक झाली असे समजा. खुणेच्या पेन्सिलीची जाडी आणि दोरीचा पीळ मिळूनही तेवढी होऊ शकते. हीच रेषा ८.५ मीटर मागे नेली की ड हा कोपरा सुमारे ५० मिलिमीटर सरकलेला असतो. त्याऐवजी ६, ८ आणि १० मीटरचा त्रिकोण घेतला, तर तेवढ्याच चुकीने ड फक्त ८ मिलिमीटर हलतो. म्हणून जागेत मावेल तेवढा मोठा त्रिकोण घ्यावा. वर दिलेल्या घरात ८ मीटर पुढच्या दोरीवर आणि ६ मीटर बाजूच्या दोरीवर सहज मावतात.

चारही खुंट्या लागल्यावर खरी परीक्षा कर्णांची. त्याआधी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का, हे मोजावेच लागते. मागची बाजू दोन्हीकडून तीन-तीन सेंटिमीटर आत आली असेल, तर आकृती टोपलीसारखी निमुळती असूनही तिचे दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे येतात. बाजू न मोजता नुसते कर्ण जुळवून समाधान मानणारे इथे फसतात.

आपल्या घराचा कर्ण हिशेबाने १४.३० मीटर येतो. बाजू बरोबर भरल्या, पण अ-क १४.३४ आणि ब-ड १४.२६ मीटर आला असे धरू. फरक ८ सेंटिमीटरचा, म्हणजे चौकोन एका अंगाला कलला आहे. अशा वेळी एकच खुंटी इकडेतिकडे सरकवत बसले की बाजूची मापे बिघडतात. क आणि ड या मागच्या दोन्ही खुंट्या एकाच दिशेने, मागच्या दोरीच्या रेषेतच हलवायच्या, लांब कर्ण आखूड होईल अशा बाजूला. म्हणजे इथे क पासून ड कडे. किती, हेही काढता येते: फरकाचा निम्मा भाग घ्यायचा, त्याला कर्णाने गुणायचे आणि पुढच्या बाजूच्या लांबीने भागायचे. ४० मिलिमीटर गुणिले १४.३ भागिले ११.५ केले की ५० मिलिमीटर येतात. तेवढे सरकवून बाजू आणि कर्ण पुन्हा मोजायचे. एवढ्या घराला पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचा फरक कसलेले गवंडी चालवून घेतात. मूळचे ५० मिलिमीटर तसेच राहिले असते, तर ३.६ मीटरच्या खोलीत भिंतीलगतच्या फरशीला २१ मिलिमीटरची पाचर काढावी लागली असती, आणि ती रोज डोळ्यांत खुपते.

टेप जुना, थोडा लांबलेला असला तरी दोन कर्णांची तुलना बिघडत नाही, कारण चूक दोन्हीकडे सारखीच शिरते. अट एवढीच की टेप तोच आणि ताण तोच हवा. घराचे माप मात्र चुकेल. म्हणून लांबीसाठी स्टीलचा टेप घ्यावा.

पुण्याच्या टेकड्यांलगतच्या प्लॉटवर खरा घोटाळा उताराने होतो. मोजमाप आडव्या पातळीतच हवे, जमिनीवरून टेप टाकून नव्हे. वरच्या घरात एका कर्णाच्या दोन टोकांत ९० सेंटिमीटर उतार असेल आणि दुसरा कर्ण सपाटीवर असेल, तर अगदी गुण्यातल्या घराचाही पहिला कर्ण जमिनीवरून २८ मिलिमीटर जास्त दिसतो. मग नसलेली चूक दुरुस्त करण्यात दुपार जाते आणि घर खरोखरच कलते. पाण्याच्या नळीने खुंट्यांवर एकच पातळी मारायची, दोऱ्या तिच्यावर ताणायच्या आणि खालची खूण ओळंब्याने उतरवायची.

मुरमात लाकडी खुंटी उभी राहत नाही, म्हणून सळईचे तुकडे ठोकतात. काळ्या मातीत खुंटी पटकन जाते, पण एका पावसात कलंडते. कशीही असली तरी कोपऱ्यावरची खुंटी खोदाईत जातेच. जेसीबी फिरला की फक्कीची रेघही राहत नाही. त्यामुळे प्रत्येक रेषा खड्ड्याच्या बाहेर दीड-दोन मीटर लांबवून तिथे विटांची छोटी बर्जी बांधतात आणि तिच्या माथ्यावर खिळ्याने रेषा धरून ठेवतात. फूटिंग भरल्यावर कॉलमची जागा काढताना दोऱ्या पुन्हा याच खिळ्यांना बांधल्या जातात. कर्णही तेव्हा पुन्हा मोजतात, कारण मधल्या दिवसांत एखाद्या बर्जीला मातीच्या डंपरचा धक्का लागलेला असतो आणि ते कोणी सांगितलेले नसते.