लसीकरण कार्डावरचे रिकामे चौकोन

बाळाचं लसीकरण कार्ड हाती आलं की नजर रिकाम्या चौकोनांकडेच जाते. पण रिकामा चौकोन म्हणजे चुकलेली लस, असं दर वेळी नसतं.

३ जानेवारी २०२५ ला जन्मलेलं एक बाळ घेऊ. जन्मल्यावर त्याला क्षयरोगाची बीसीजी, कावीळ-ब आणि तोंडावाटे पोलिओचा डोस मिळाला. पोलिओपुढे ‘०’ लिहिलंय, म्हणजे डोस दिलाच नाही असं नव्हे. तो जन्माच्या वेळचा डोस. पुढचे १, २, ३ असे मोजतात. दीड महिन्याला, १४ फेब्रुवारीला, पोलिओ-१, जुलाबाची रोटा-१, पेंटा-१, न्यूमोनियाची पीसीव्ही-१ आणि दंडाच्या कातडीत टोचायची पोलिओची एफआयपीव्ही-१ झाली. कावीळ-बचा वेगळा चौकोन पुढे सापडत नाही, कारण पेंटाच्या पाच लसींमध्ये तीही असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि मेंदूज्वर करणाऱ्या हिब जंतूवरची या बाकीच्या चार.

अडीच महिन्यांचे डोस १४ मार्चला होते. बाळ आजारी पडलं आणि ते २८ मार्चला दिले गेले. या वेळी पोलिओ, रोटा आणि पेंटा एवढंच असतं. पीसीव्ही आणि एफआयपीव्ही या भेटीच्या वेळापत्रकातच नाहीत, त्यामुळे कोणी विसरलेलं नाही.

आता कार्डावर पुढची तारीख ११ एप्रिल आधीच लिहिलेली असेल, तर ती चालणार नाही. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, म्हणून पुढची तारीख २५ एप्रिल. पहिल्या डोसाने शरीरात त्या जंतूची ओळख ठेवणाऱ्या पेशी तयार होतात. त्या पक्क्या व्हायच्या आत पुढचा डोस दिला तर प्रतिसाद कमी पडतो. उलट अंतर वाढलं तरी ती ओळख पुसली जात नाही, म्हणून पेंटा पुन्हा एकपासून सुरू करत नाहीत. तरीही उशीर मुद्दाम करू नये. डांग्या खोकला सर्वांत घातक असतो तो याच कोवळ्या महिन्यांत.

नऊ महिने पूर्ण होतात ३ ऑक्टोबरला. त्यानंतर गोवर-रुबेलाचा पहिला डोस. आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर बरीच ओसरलेली असतात, नाहीतर ती लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात. त्याच भेटीत पीसीव्हीचा बूस्टर, एफआयपीव्हीचा तिसरा डोस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचं औषध असतं. जेई म्हणजे जपानी मेंदूज्वर. ही लस ठरावीक जिल्ह्यांतच देतात, त्यामुळे तो चौकोन कोराच राहू शकतो.

बीसीजीचा व्रण डाव्या दंडावर काही आठवड्यांनी उमटतो. लस दिल्याची तारीख कार्डावर असेल आणि व्रण उमटला नसेल, तरी ती पुन्हा टोचत नाहीत. पल्स पोलिओच्या मोहिमेतले थेंब जादाचे असतात. त्यांनी कार्डावरचा पोलिओ-२ किंवा ३ भरून निघत नाही.

तारखेऐवजी नुसती बरोबरची खूण दिसली, तर तिथेच सिस्टरकडून तारीख लिहून घ्या. तारखेशिवाय चार आठवडे मोजणार कुठून?